केसपेपरचा फोटो वाचून मामांना नेमक्या खिडकीवर कसं पाठवायचं

प्रश्न: आईला गुडघेदुखी अन् शुगर दोन्ही आहे. मामा तिला घेऊन गावाहून जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलेत, मी पुण्यात आहे. डॉक्टरांनी बघून कागदावर काहीतरी लिहून दिलंय. मामांनी केसपेपरचा फोटो पाठवला, पण सगळं इंग्रजीत. 'मेडिसिन' लिहिलंय म्हणून मामा औषधाच्या खिडकीला रांगेत थांबले, तिथून परत पाठवलं. ६-१४ नंबरची खोली कुणालाच माहीत नाही म्हणतात. मला जे वाचता आलं ते खाली टाइप केलंय. मराठीत करून सांगा, आता कुठं जायचं?

```
DEPT: ORTHO    UNIT: 11
ROOM: 6-14     TOKEN: 63
CAT: GEN
Adv X-ray B/L knee AP/Lat
BSL F + PP, Sr. Creat
Ref Medicine FF-27
F/U 2/52
```

उत्तर:

मामांना आधी फोन करून एवढंच सांगा: एक्स-रेचा फॉर्म हातात नसेल तर आधी हाडाच्या डॉक्टरांच्या खोलीतून तो घ्या, मग पैसे भरायच्या खिडकीवर जाऊन एक्स-रेची पावती घ्या आणि एक्स-रे काढून घ्या. आईनं सकाळपासून काही खाल्लं असेल, अगदी चहा जरी घेतला असेल, तर रक्ताची तपासणी आज पूर्ण होणार नाही. ती उद्या सकाळी उपाशीपोटी करायची. 'मेडिसिन'ला त्यानंतर, रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन जायचं.

आता कागद नीट वाचू. वरच्या तीन ओळी छापील आहेत, म्हणजे त्या नोंदणीच्या खिडकीवर निघाल्या. खालच्या चार ओळी डॉक्टरांच्या हातच्या. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण छापील भागाचं काम झालेलं आहे. टोकन ६३ हा आजच्या रांगेतला नंबर होता. डॉक्टरांनी तपासलं, तिथं तो संपला. मामा अजून ६३ नंबर पुकारायची वाट बघत असतील तर त्यांना तिथून उठवा. पुढं कुठं जायचं ते फक्त हाताने लिहिलेल्या ओळी सांगतात.

तुम्ही टाइप केलेल्यात दोन ठिकाणी वाचण्यात गफलत झाली आहे. 'युनिट ११' नव्हे, ते रोमन दोन आहे, म्हणजे युनिट २, डॉक्टरांचं दुसरं पथक. छपाईत रोमन दोनच्या दोन उभ्या रेघा अकरासारख्याच दिसतात. पण एकेका विभागात युनिटं असतात दोन, तीन, फार तर पाच-सहा. अकरावं युनिट दिसलं की समजायचं, ते दोन आहे. दुसरी गफलत खोलीच्या नंबरात. तो ६-१४ नसून जी-१४ असणार. पुसट छपाईत इंग्रजी जी आणि सहा यांच्यात फरक उरत नाही. ओळखायचं कसं, तर त्याच कागदावर दुसरी खोली एफएफ-२७ अशी लिहिली आहे. म्हणजे या दवाखान्यात खोलीच्या नंबराआधी मजल्याची अक्षरं लावतात. मग पहिल्या खोलीलाही आकडा नाही, अक्षरच हवं. जी म्हणजे तळमजला, एफएफ म्हणजे पहिला मजला, एसएफ म्हणजे दुसरा. पहिला मजला म्हणजे एक जिना चढून वरचा, हे मामांना वेगळं सांगून टाका. गावाकडं खालच्यालाच पहिला मजला म्हणणारे पुष्कळ आहेत. बी हे अक्षर आलं तर मात्र अंदाज करू नका. ते तळघर असू शकतं किंवा बी इमारत. ते दारावरच्या पहारेकऱ्याला विचारूनच ठरवायचं.

कधीकधी एकाच दारावर दोन नंबर असतात: एक ओपीडीचा, मोठ्या अक्षरात रंगवलेला, आणि एक जुना, चौकटीवर ठोकलेल्या लहान पत्र्यावरचा. केसपेपरवरचा नंबर बहुधा रंगवलेला असतो. पत्र्याकडं बघून शोधणारा माणूस सगळी गल्ली दोनदा फिरतो.

आता विभागाची नावं. इथंच मामांचा वेळ गेला, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. सरकारी दवाखान्यात एका विभागाला तीन नावं असतात. कागदावर इंग्रजीतलं तोडलेलं नाव, दारावरच्या पाटीवर सरकारी मराठी नाव आणि लोकांच्या तोंडी तिसरंच. कागदावर 'ऑर्थो' छापलंय, पाटीवर 'अस्थिव्यंगोपचार विभाग' लिहिलेलं असेल आणि व्हरांड्यातल्या मावशी 'हाडाची ओपीडी' म्हणतील. तिन्ही एकच. 'मेडिसिन'चं पाटीवरचं नाव 'औषधवैद्यकशास्त्र'. त्यात सुरुवातीलाच 'औषध' दिसतं, म्हणून इंग्रजी न येणारा माणूस औषधाच्या खिडकीवर जातो आणि पाटी वाचणाराही तिथंच जातो. प्रत्यक्षात ही शुगर, बीपी, ताप, दमा बघणाऱ्या डॉक्टरांची ओपीडी आहे. गोळ्या मिळतात त्या खिडकीवर 'औषधालय', 'औषध वितरण' किंवा 'फार्मसी' लिहिलेलं असतं. त्यामुळं मामांना 'मेडिसिनला जा' असं सांगू नका. 'शुगर-बीपीच्या डॉक्टरांकडं, पहिल्या मजल्यावर २७ नंबरच्या खोलीत' असं सांगा.

हाताने लिहिलेल्या ओळी एकेक करून बघू.

'ॲडव्ह' म्हणजे सल्ला, पुढं लिहिलेलं करून घ्या. 'बी/एल नी' म्हणजे दोन्ही गुडघे. 'एपी/लॅट' म्हणजे समोरून एक आणि बाजूनं एक. दोन गुडघे, प्रत्येकाचे दोन, असे चार फोटो निघाले पाहिजेत. एक्स-रेसाठी बहुतेक ठिकाणी केसपेपर चालत नाही, वेगळा छोटा फॉर्म लागतो आणि तो ऑर्थोच्या डॉक्टरांनीच भरून दिलेला असतो. मामांकडं तो नसेल तर आधी जी-१४ मध्ये परत जाऊन मागून घ्यायचा. तिथं पुन्हा रांग लावायची गरज नसते, दाराशी बसलेल्या सिस्टरना 'एक्स-रेचा फॉर्म राहिला' म्हणून सांगितलं की पुरे. फॉर्म हातात आला की त्यावर बी/एल आहे की नाही ते तिथंच बघायचं. केसपेपरवर दोन गुडघे आणि फॉर्मवर एकच, असं घाईत होतं. एक्स-रे काढणारा माणूस फॉर्म बघतो, केसपेपर नाही. मग एकाच गुडघ्याचा एक्स-रे घेऊन माणूस डॉक्टरांसमोर उभा राहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी फेरी.

पैशाबद्दल. 'कॅट: जेन' म्हणजे सर्वसाधारण गट, शुल्क भरणारा रुग्ण. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि तपासण्या निःशुल्क झाल्या. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं येतात. पण मेडिकल कॉलेजचे दवाखाने वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहेत, ते या निर्णयात आले नाहीत. म्हणून 'आमच्या तालुक्याला तर फुकट आहे' म्हणून इथं वाद घालण्यात अर्थ नाही. फॉर्म आधी पैसे भरायच्या खिडकीवर न्यायचा, पावती त्याला जोडायची आणि मग एक्स-रेकडं जायचं. थेट एक्स-रेच्या दारात गेलं की पावतीसाठी परत पाठवतात. पावतीवर दोन गुडघे धरलेत का तेही खिडकी सोडायच्या आधी बघून घ्यावं. रेशनकार्ड असेल तर ते जवळ ठेवा, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग ठरावीक शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी होतो. आजच्या एक्स-रेसाठी आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन वेळ घालवू नका. पुढं ऑपरेशनचं बोलणं निघालं तर ते टेबल कामाला येईल.

एक्स-रेच्या पाटीवर 'क्ष-किरणशास्त्र विभाग' असतं. इंग्रजीत 'रेडिओलॉजी'. 'रेडिओथेरपी' किंवा 'किरणोपचार' दिसलं तर मागं फिरा, तो कॅन्सरचा विभाग आहे.

पुढची ओळ रक्ताची. 'बीएसएल' म्हणजे रक्तातली साखर. 'एफ' उपाशीपोटी, 'पीपी' जेवणानंतर. 'सिरम क्रिएटिनिन' मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवतं. गुडघ्याच्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि शुगर असलेल्या माणसाचं मूत्रपिंड आधी बघून घ्यावं लागतं, म्हणून ती तपासणी लिहिली असणार. म्हणजे ती टाळण्यासारखी नाही. 'गुडघा दुखतोय तर रक्त कशाला' म्हणून मामा ती सोडतील, तेव्हा हे त्यांना समजावून सांगा.

उपाशीपोटीच्या तपासणीला किमान आठ तास पोटात काही नको. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. रात्री नऊला जेवून सकाळी आठला रक्त दिलं की झालं. मग जेवण किंवा भरपेट नाश्ता करायचा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा रक्त द्यायचं. जेवण संपल्यापासून नव्हे. क्रिएटिनिनला उपाशी राहावं लागत नाही, पण ते सकाळच्या रक्ताबरोबरच देऊन टाकलं की एक सुई वाचते. शुगरची सकाळची गोळी उपाशीपोटी घ्यायची की रक्त दिल्यावर, हे आज जी-१४ मधल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारून मगच घरी जा. इन्सुलिन चालू असेल तर विचारल्याशिवाय अजिबात उपाशी ठेवू नका.

रक्त घेतात ती जागा शोधताना पाटीवर 'नमुना संकलन', 'मध्यवर्ती प्रयोगशाळा' किंवा 'सीसीएल' यातलं काहीतरी दिसेल. पॅथॉलॉजीचं सरकारी नाव 'विकृतीशास्त्र'. मानसोपचाराच्या दारावर काही ठिकाणी 'मनोविकृतीशास्त्र' लिहिलेलं असतं. लांबून वाचणारा माणूस रक्ताचा कागद घेऊन तिथं बसून राहतो. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी वापरतात, क्रिएटिनिनसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची. म्हणजे सकाळी दोन नळ्या, दोन तासांनी एक. सकाळच्या राखाडी नळीवर एफ आणि नंतरच्या नळीवर पीपी लिहिलंय का, एवढं मामांनी डोळ्यानं बघावं. दोन्हींची अदलाबदल झाली तर रिपोर्टात उपाशीपोटीची साखर जास्त आणि जेवणानंतरची कमी दिसते, मग डॉक्टर पुन्हा रक्त मागतात. नमुने घ्यायची खिडकी बहुतेक ठिकाणी ओपीडी संपायच्या आधीच बंद होते, म्हणून पीपीचे दोन तास मोजून सकाळी लवकर पोचायचं.

मुक्कामाची सोय नसेल तर आणखी एक मार्ग आहे. साखरेच्या दोन्ही तपासण्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करून घ्यायच्या, क्रिएटिनिन होत असेल तर तेही, आणि रिपोर्ट घेऊन पुढच्या वेळी यायचं. रिपोर्टवर तारीख आणि आईचं पूर्ण नाव, केसपेपरवर आहे तसंच, असलं पाहिजे. एका कागदावर सासरचं आणि दुसऱ्यावर माहेरचं नाव असलं की तो रिपोर्ट दुसऱ्याच बाईचा धरला जातो.

'रेफ मेडिसिन एफएफ-२७' म्हणजे ऑर्थोच्या डॉक्टरांनी शुगरवाल्या डॉक्टरांचं मत मागितलंय. आज तिथं गेलात तर 'रिपोर्ट घेऊन या' असंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून रक्त आधी. तिथं जाताना हाच केसपेपर न्यायचा, नवीन काढायचा नाही. नवीन काढला की ऑर्थोच्या डॉक्टरांनी काय विचारलंय ते मेडिसिनच्या डॉक्टरांना दिसतच नाही. काही दवाखान्यांत दुसऱ्या विभागासाठी त्याच केसपेपरवर नोंदणीच्या खिडकीवरून शिक्का किंवा नवं टोकन घ्यावं लागतं. एफएफ-२७ च्या दारात आधी तेवढं विचारायचं आणि मगच रांगेत बसायचं.

शेवटची ओळ सगळ्यात फसवी. 'एफ/यू' म्हणजे पुन्हा दाखवायला यायचं. '२/५२' हा खोलीचा नंबर नाही, तारीखही नाही. डॉक्टर मंडळी मुदत अशी अपूर्णांकात लिहितात. खाली ७ असेल तर वरचा आकडा दिवसांचा, ५२ असेल तर आठवड्यांचा, १२ असेल तर महिन्यांचा. वर्षाचे ५२ आठवडे, १२ महिने, हा त्याचा हिशोब. म्हणून ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. ३/१२ बघून लोक तीन डिसेंबरला येतात, नाहीतर बारा मार्चला.

दोन आठवडे म्हणजे मोजून चौदा दिवस. त्याला कारण आहे. मोठ्या विभागात प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. चौदा दिवसांनी तोच वार येतो, म्हणून आज बघणारं युनिट २ त्या दिवशीही बसलेलं असतं. एक दिवस आधी किंवा उशिरा गेलात तर दार तेच, खोली जी-१४ तीच, पण डॉक्टर दुसरे. ते बहुधा 'तुमच्या युनिटच्या दिवशी या' म्हणून परत पाठवतात. चौदावा दिवस सणाच्या सुट्टीचा निघाला तर लगेच दुसऱ्या दिवशी जाऊ नका. युनिट २ चा आठवड्यातला दुसरा वार आजच विचारून कागदाच्या मागं लिहून ठेवा.

आजचा एक्स-रे हातात येईल तेव्हा जी-१४ चालू असेल तर तो आजच दाखवून घ्यावा, डॉक्टर कधीकधी लगेच गोळ्या लिहून देतात. बंद झालं असेल तर तो चौदा दिवसांनी नेला तरी चालेल.

आता मामांना पाठवायचा मजकूर. त्यात एक पथ्य पाळा: खोलीचा नंबर कागदावर आहे त्याच इंग्रजी अक्षरात ठेवा, कारण मामांना तो दारावरच्या आकाराशी जुळवायचा आहे. त्यापुढं मराठीत मजला आणि लोक म्हणतात ते नाव लिहा. एका ओळीत एकच जागा.

```
मामा, आज:
1) G-14, तळमजला, हाडाची ओपीडी. सिस्टरकडून एक्स-रेचा फॉर्म घ्या. दोन्ही गुडघे लिहिलेत का बघा.
2) पैसे भरायची खिडकी. फॉर्म दाखवून पावती घ्या.
3) एक्स-रे (क्ष-किरण). चार फोटो.
उद्या सकाळी, आईला उपाशी ठेवून:
4) रक्त द्यायची खिडकी. मग जेवण. पहिल्या घासापासून 2 तासांनी पुन्हा रक्त.
5) रिपोर्ट मिळाले की FF-27, पहिला मजला, शुगर-बीपीचे डॉक्टर. हाच केसपेपर न्या.
पुन्हा यायचं: 14 दिवसांनी, G-14.
```

हे वाचून मामांनी कुणाला तरी विचारावं लागेलच. विचारताना कागद पुढं करून 'हे कुठं आहे' म्हणण्यापेक्षा 'हाडाची ओपीडी, जी-चौदा' असं तोंडानं म्हणायला सांगा. सफाईच्या मावशींना आणि वॉर्डबॉयना इमारत पाठ असते, कागदावरचं इंग्रजी वाचायला लावलं की तेही चुकतात. (वॉर्डबॉयला तिथं सगळे मामाच म्हणतात, त्यामुळं 'मामाला विचारलं' असं मामांनी फोनवर सांगितलं तर गोंधळू नका.)

मेडिसिनच्या डॉक्टरांनी पुढं आणखी कुठं पाठवलं तर तीन शब्द जपून वाचा: 'न्यूरो' मेंदू आणि नसांचे, 'नेफ्रो' मूत्रपिंडाचे, 'युरो' लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया करणारे. घाईच्या अक्षरात तिन्ही सारखेच दिसतात. तुमच्या आईच्या बाबतीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर 'नेफ्रो' असण्याचीच शक्यता जास्त. हे विभाग छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला सुपर स्पेशालिटीच्या वेगळ्या इमारतीत शोधायचे, जुन्या ओपीडीच्या जिन्यांवर नव्हे. छत्रपती संभाजीनगरात कॅन्सरसाठी पाठवलं तर घाटी म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या आवारातही शोधत बसू नका, राज्य कर्करोग संस्था आमखास मैदानाजवळ आहे. नांदेडला रिक्षात बसण्याआधी केसपेपरवरचं दवाखान्याचं नाव बघा, मेडिकल कॉलेज विष्णुपुरीला आहे, गावात नाही.

फोटोबद्दल थोडं. पुढच्या वेळी मामांना कागद सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, वरून सरळ फोटो काढायला सांगा, आणि पाठीमागच्या बाजूचाही. गुळगुळीत कागदावर फ्लॅश पडला की मधली ओळच पांढरी होते, आणि बहुधा तीच खोलीची ओळ असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर अक्षरं फुटत नाहीत. नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारणार असाल तर आईचं नाव, मोबाइल आणि नोंदणी क्रमांक झाकूनच टाका, विभाग आणि खोली वाचायला त्यांची गरज नसते. पण तोच नोंदणी क्रमांक वहीत उतरवून ठेवा. गुळगुळीत कागदावरची छपाई उन्हात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत काही आठवड्यांत उडते. चौदा दिवसांनी कागद कोरा झालेला असला तरी जुन्या रुग्णांच्या खिडकीवर त्या क्रमांकावरून नोंद सापडते. क्रमांक नसेल तर नवा केसपेपर निघतो आणि नव्या नोंदणीत आईला दुसरंच युनिट लागू शकतं.